तांडेलाची जागा

माझ्या हनुवटीवर जो व्रण आहे तो मी लोकांना वेगवेगळ्या प्रकारे सांगतो. कुणाला सांगतो मगरीनं चावलं, कुणाला सांगतो लढाईत संगीन लागली. खरं म्हणजे तो सुक्या घोळ माशाच्या शेपटीचा आहे, आणि घोळ माझ्या सख्ख्या मावशीच्या हातात होती. मारायची होती टांगेवाल्याला. मध्ये मी आलो.

आमचं गाव अर्नाळा. घरात सगळे कोळी, आणि त्यात मी एक असा निघालो की होडीनं किनारा सोडला की माझं पोट किनाऱ्यावरच राहावं म्हणून भांडायचं. लोकांना वादळात उलटी होते, मला पाण्याकडे बघून व्हायची. एकदा समोरच्या बेटावरच्या किल्ल्यापर्यंत जाऊन यायचं होतं, म्हणजे लहान पोरं पोहून जातात एवढं, तर मी इतकं ओकलो की मागून येणाऱ्या होडीवाल्यांना वाटलं ह्यांनी जाळ्यातली मासळी परत टाकली. बापानं त्या दिवशी घरी येऊन मला तोंडात मारलं नाही, एवढंच. कानात मारलं. तो कान आजही भरतीच्या वेळी वाजतो.

तेव्हा माझ्यापुढे एकच वाट होती, आणि ती मामाच्या अंगणात उभी होती. मामा लढाईच्या काळात फौजेत गाडी हाकायला गेला होता. तिथून येताना परवाना घेऊन आला, आणि पुढे सरकारनं फौजेच्या जुन्या गाड्या विकायला काढल्या तेव्हा एक जीपही घेऊन आला. परदेशातली गाडी, त्यामुळे सुकाणूचक्र डाव्या हाताला. शिकवणाऱ्यानं बसायचं ते उजवीकडे. गाडीवर गोळ्यांची भोकं होती. मामा म्हणायचा ती जपान्यांची, मामी म्हणायची गंजाची.

पण मामा परत आल्यावर आजोबा गेले आणि होडी त्याच्याकडे आली. मामा तांडेल झाला. तांडेल म्हणजे होडीचा धनी. त्याच्या शब्दावर वल्हं हलतं. मग जीप चालवायला त्याला सवड कुठली? कोंबड्या तिच्यात अंडी घालायला लागल्या. मामी रोज तिच्या चाकाला लाथ मारून दिवस सुरू करायची. शेवटी तिनं जाहीर केलं की येत्या होळीपर्यंत घरात कुणी ही गाडी चालवणारा झाला तर ठीक, नाहीतर हे धूड गावाबाहेर. आणि गावाबाहेर म्हणजे कुठे, तेही ठरलेलं होतं. विरार स्टेशनच्या टांगेवाल्यांचा म्होरक्या कधीपासून ती मागत होता.

मामानं मला बोलावलं. म्हणाला, "भाच्या, समुद्र तुझा नाय. पन मासळी टेशनावर न्यायला मानूस लागतो. परवाना काढलास तर जीप तुझी. नाय काढलास तर उद्यापासून माझ्या होडीत, आन ओकायला बादली तू घरून आनायची."

मी ठाण्याला जाऊन शिकाऊ परवाना काढून आणला. तिथल्या कारकुनानं तो देताना मला अशा नजरेनं पाहिलं, जणू पिस्तूलच देतोय. त्यानं बजावलं, शेजारी परवाना असलेला माणूस बसलाच पाहिजे. शेजारी म्हणजे असा, की वेळ आली तर त्याला चटकन गाडी थांबवता आली पाहिजे. पुढे आणि मागे पांढऱ्यावर तांबडं एल अक्षर लावलंच पाहिजे. शिकवणाऱ्याखेरीज गाडीत माणसं भरायची नाहीत. आणि आमच्याकडच्या फौजदारानं त्यात आपली भर घातली: आगाशीच्या तळ्यापर्यंत काय फिरायचं ते फिर, पण तळ्याच्या पुढे बाजारपेठेच्या रस्त्याला शिकाऊ गाडी दिसली तर आत टाकीन.

पाट्या मामानंच केल्या. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापला, होडीचाच पांढरा रंग दिला आणि होडीच्याच तांबड्या रंगानं वर अक्षर काढलं. मामाला लहान काही करताच यायचं नाही. ती पाटी एवढी झाली की पुढून इंजिन दिसेना आणि मागून गाडी दिसेना. एक मोठं तांबडं एल रस्त्यानं चाललंय असं वाटायचं. कुत्री त्याच्यामागे लागायची. मामीनं हळदकुंकू लावून पाटीची पूजा केली आणि म्हणाली, आता मर मेल्या.

कटकट सुरू झाली ती बसण्यावरून. पहिल्याच दिवशी मी चक्रामागे बसलो, मामा आला, आणि सरळ मागे जाऊन बाकावर बसला.

"मामा, शेजारी बसायचंय," मी म्हटलं.

"म्हंजी पुढं?"

"पुढं. माझ्या उजव्या अंगाला."

मामानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याला मोलकरीण म्हटलं. होडीत पुढच्या टोकाला कोण बसतं? नवखा पोऱ्या, ज्याला काही येत नाही, तो खडक बघायला. तांडेल नेहमी मागे. सुकाणू मागे, हुकूम मागे, होडीतल्या सगळ्यांच्या पाठी ज्याला दिसतात तो तांडेल. मामाचा बाप, आजा, पणजा, सगळे मागे बसून मेले होते. फौजेत तो स्वतः गाडी हाकायचा तेव्हा गोष्ट वेगळी. तेव्हा तो तांडेल नव्हता.

"फौजेत काय शिकवलं रे तुला, मामा? शिकवणारा मागं बसायचा?"

"फौजेत मला साहेबानं शिकवलं. साहेबाला काय, तो कुठंबी बसतो."

मी कारकुनाचं सगळं पुन्हा सांगितलं. हातब्रेक दोन बैठकांच्या मधोमध, समोरच्या फळीखाली होता. उजवीकडे बसलेल्याचा हात सहज पोचायचा. मामा पुढे आला, पण असा बसला की अर्धा बाहेर, तोंड समुद्राकडे, आणि गावातनं जाताना डोक्यावर पंचा घेऊन. बायका विचारायच्या, तांडेल आजारी हाय का. त्या हसण्याचा सूड तो माझ्यावर घ्यायचा. गिअर कर्रकन वाजला की माझ्या मानेवर त्याचा पंजा बसायचा, आणि मामाचा पंजा म्हणजे नांगराचा एक फाळ. मी तीन गिअर शिकलो तेवढ्यात माझी मान एका बाजूला वळायचीच बंद झाली.

आगाशीच्या तळ्याशी पोचलो की तिथे टांगेवाले बसलेले असत. म्होरक्याची मिशी एवढी की घोडा तिला गवत समजून तोंड घालायचा. त्याला जीप हवी होती, आणि ती मला मिळणार हे त्याला कळलं होतं. कायदा त्यानं फौजदाराच्या तोंडून शिकून घेतला होता आणि आमच्यापेक्षा त्याला तो जास्त पाठ होता.

"मागची पाटी वाकडी हाये," तो टांग्यातनंच म्हणायचा. "शेजारचा मानूस झोपलाय काय? ब्रेक पकडायला सांग त्याला."

"तुझ्या घोड्याला परवाना हाय का रे?" मामा विचारायचा.

"घोडा शिकून आलाय. तुझा भाचा शिकतोय."

एके दिवशी मी तळ्याशी गाडी वळवत होतो तेव्हा त्यानं चाबूक सोडला. म्हणाला माशी उडवत होतो. माशी माझ्या कानाच्या पाळीवर बसली असणार, कारण अर्धी पाळी गेली. मामानं उतरून त्याला टांग्यातनं ओढलं, त्यानं मामाला मिठी मारली, आणि दोघं मिळून तळ्यात गेले. पाण्यात मामाशी कोण झुंजणार? मामानं त्याला इतक्या वेळा बुडवला की तळ्यातल्या माशांची आणि त्याची ओळख झाली. बाहेर काढला तेव्हा तो मिशीतनं पाणी पिळत म्हणाला, "एक दिस मानसं भरून येशील. तवा बघतो."

तो दिवस आला तो मासळीमुळेच. त्या पहाटे होड्या अशा लागल्या की किनाऱ्यावर वाळू दिसेना, नुसता हलवा, पापलेट, सुरमई. बायका टोपल्या भरून विरारला निघायच्या त्या बैलगाडीनं, आणि त्या गाडीचा आस गावच्या वेशीतच मोडला. विरारची आगगाडी चुकली असती तर मुंबईचा बाजार गेला असता आणि मासळीचं खत झालं असतं. मी नेमका तेव्हा मामाला शेजारी घेऊन सरावाला निघालो होतो.

बायकांनी जीप अडवली. त्यांच्यापुढे माझी थोरली मावशी. तिनं तरुणपणी एका हातानं होडी ओढली होती, असं ती सांगायची, आणि कुणी खोटं म्हणायला धजत नव्हतं.

"हो बाजूला, टोपल्या चढव," ती म्हणाली.

"मावशी, चालत नाय. माणसं भरायची नायत. पाटी बघ."

"पाटी बघून मासळी थांबते का?"

"परवाना जाईल माझा. जीप जाईल."

मावशीनं पहिली टोपली माझ्या डोक्यावर ठेवली. ठेवली म्हणजे आपटली. मी सावध झालो तेव्हा जीपमध्ये पाच बायका, कितीतरी टोपल्या, आणि पुढच्या पाटीवर ओला बोंबील वाळत घातल्यासारखा लोंबत होता. शेजारच्या जागेवर मावशी बसली होती, मांडीवर सुरमईची टोपली, टोपलीखाली हातब्रेक. बैठक जेमतेम एका माणसाची, आणि मावशी दीड. आणि मामा? एवढी माणसं, एवढा माल, गाडी पाण्यात बसल्यासारखी खाली गेलेली: त्याच्या दृष्टीनं ती आता होडीच होती. तो बायकांवरून चालत गेला आणि सगळ्यात मागे, टोपल्यांच्या ढिगावर, छाती काढून बसला. कितीतरी दिवसांनी मी त्याला खूश पाहिलं.

"मामा, पुढं ये," मी ओरडलो.

"हाक रे. समदं दिसतंय मला हितनं."

मावशीनं माझ्या पायावर टाच दिली. तो पाय ज्यावर होता त्यानं गाडी सुटते.

तळ्यापाशी मी थांबणार होतो, देवाशपथ. बायका तिथून पायी गेल्या असत्या तर निदान रस्त्याचा तरी गुन्हा टळला असता. पण मावशी म्हणाली पुढं, मागून चार तोंडं म्हणाली पुढं, आणि सगळ्यात मागून तांडेलाचा हुकूम आला, पुढं. मी पेठेच्या रस्त्याला लागलो. आणि वळणावर, रस्त्याच्या आडवा, घोडा सोडलेला टांगा उभा, त्यावर म्होरक्या हात कमरेवर ठेवून उभा, आणि दोन्ही बाजूला त्याची चाबकाची माणसं.

मी ब्रेक दाबला. टोपल्यांमधून गळलेलं मासळीचं पाणी पायाखाली साचलं होतं. माझा अनवाणी पाय ब्रेकवरून घसरून असा गेला की जणू ब्रेकच मासळी झाला. मी हातब्रेकसाठी हात घातला. हातात सुरमई आली. ओढली. पुन्हा घातला, दुसरी सुरमई आली. मागे मामाला समजलं, आणि तो झेपावला, पण त्याच्या आणि ब्रेकच्या मध्ये चार बायका होत्या. ज्या माणसानं कायद्यानं हात लांबवून गाडी थांबवायची, तो माझ्या चुलत काकीच्या अंबाड्याला धरून बोंबलत होता.

टांगा उडाला. एक चाक तळ्यात, एक कुणाच्या तरी परसात, आणि म्होरक्या हवेत. मी शपथेवर सांगतो की तो कौलांपर्यंत गेला आणि कौलांवर बसलेल्या कावळ्यानं त्याला जागा करून दिली. खाली आला तो उजव्या हातावर. तो हात मोडल्याचा आवाज, ओल्या बांबूसारखा, मला बाकीच्या थापांखालून अजून ऐकू येतो.

मग मात्र जे झालं त्याला मारामारी म्हणणं म्हणजे भरतीला ओल म्हणणं. चाबूक सुटले. माझ्या पाठीवर उभी रेघ, आडवी रेघ, पाठीचा सारीपाट मांडला. बायका उतरल्या. मावशीनं टोपलीतल्या सुरमईनं एका टांगेवाल्याचं नाक आडवं केलं, काकीनं दुसऱ्याचा चाबूक हातातनं घेऊन त्यालाच त्यात गुंडाळला. पेठेतला हलवाई झारा घेऊन भांडण सोडवायला आला, त्याला दोन्ही बाजूंनी मारलं. मामानं गाडीची मागची पाटी उपटली आणि तिच्यानं जो समोर येईल त्याच्या टाळक्यात घातली. तो पत्रा वाजायचा तो देवळातली घंटा वाजावी तसा. एका माणसानं त्याच्या कपाळावर दगड घातला. मामाच्या डोळ्यात रक्त उतरलं, आणि रक्तातनं त्याला माणूस दिसेना तेव्हा तो रस्त्याच्या कडेच्या वडाला मारत बसला. वड अजून तिथे आहे, पाहून या. मावशीच्या टोपलीतनं सुकी घोळ निघाली ती शेवटी, आणि मी मध्ये का गेलो तर मोडक्या हाताच्या म्होरक्याला ती मारत होती म्हणून. पडलेल्याला मारू नये एवढंच मला वाटलं. हनुवटी फुटली, दोन दात सांडले, आणि शिपाई आले तेव्हा मी ते दात मासळीतनं शोधत होतो.

दुसऱ्या दिवशी चौकीसमोर सगळ्यांना बोलावलं. जीपही ढकलत आणली होती. रात्रभर मामीनं मामाला पढवलं होतं. तू पुढं होतास. तुझी थोरली भन मागं होती. बायकांना वाटेत उचललं, बैलगाडी मोडून त्या जखमी होत्या म्हन. फौजदारानं इतकंच विचारायचं ठरवलं होतं, की शेजारी परवानावाला होता की नव्हता. होता, तर बाकीचं दंडावर निभावेल. नव्हता, तर पोऱ्यानं विनापरवाना गाडी घातली माणसांवर, आणि मग त्याला परवाना कसला.

फौजदार शांत माणूस होता. शांत माणसाची मला त्या दिवसापासून भीती वाटते.

"तांडेल, कुठे होतात?"

"पुढं, साहेब. भाच्याच्या शेजारी. ब्रेकवर हात ठेवून."

"खोटं बोलतो," गळ्यात हात बांधलेला म्होरक्या म्हणाला. "ढिगावर बसला होता, देवासारखा."

"कोन रे देव? तुला हवेत दिसलं असंल," मावशी म्हणाली.

फौजदारानं टोपी काढून टेबलावर ठेवली. "असं करा. काल बसला होतात तसे बसून दाखवा."

मी चक्रामागे बसलो. मावशी, पढवल्याप्रमाणे, मागे चढली. काकी चढली, बाकीच्या चढल्या. उजवीकडची जागा मोकळी. मामा आला, कपाळावर फडकं बांधलेला. त्यानं एक पाय पुढच्या पायदानावर ठेवला. मी त्याच्याकडे बघितलं. मामीनं त्याच्याकडे बघितलं. मामानं मागे बघितलं. बायका बसलेल्या, गाडी भरलेली, आणि सगळ्यात मागची जागा रिकामी.

पाय खाली आला. मामा जीपला वळसा घालून गेला, बायकांच्या डोक्यावर हात ठेवत चढला आणि मागे जाऊन बसला. छाती काढून. मग त्याला कळलं.

कुणी हसलं नाही. म्होरक्यासुद्धा नाही. त्याला हसताना हात दुखत असावा.

"तांडेल," फौजदार म्हणाला, "आता तिथनं ब्रेक ओढा."

मामानं हात लांब केला. बायका वाकल्या. त्याचा हात मावशीच्या कानापर्यंत आला आणि तिथेच राहिला, बोटं उघडी, जणू दोर सुटून गेला.

वसईच्या कोर्टात मला आणि मामाला दंड झाला, आणि मला परवाना काढायला सहा महिन्यांची बंदी. मामीनं होळीची वाट पाहिली नाही. म्होरक्या मोडक्या हातानं बैल घेऊन आला आणि जीप ओढून घेऊन गेला. मी दारात उभा राहून बघितलं. मामा घरात होता. तो बाहेर आला नाही.

सहा महिने मी होडीत काढले. बादली घरची. माझ्यामुळे त्या हंगामात अर्नाळ्याच्या मासळीला एक वेगळीच चव होती असं लोक सांगतात. मामा मागे सुकाणू धरून बसायचा. मला एकदाही त्यानं मारलं नाही, आणि ते सगळ्यात वाईट होतं.

मग एका दुपारी म्होरक्या किनाऱ्यावर आला. हात सांधला होता पण वाकडा. जीप त्याच्या तबेल्यात उभी होती. तो स्वतः शिकायला बसला होता. लगाम ओढल्यासारखं चक्र मागे ओढायचा आणि गाडीला हो हो म्हणायचा. शेजारी बसायला परवानावाला त्यानं विरारहून आणला होता, तो पहिल्याच दिवशी उडी मारून पळाला. वाकड्या हातानं तसंही चक्र नीट फिरत नव्हतं. आसपास परवाना असलेला दुसरा माणूस एकच.

"बस शेजारी," तो मामाला म्हणाला. "शिकव."

मामा जाळं विणत होता. त्यानं मान वर केली नाही. "तुला नाय. भाच्याला शिकवतो. तुझ्याच गाडीवर. पास झाला की तो तुझी मासळीची फेरी करील, मानसांची फेरी तुझे टांगे करतील."

म्होरक्यानं माझ्याकडे बघितलं. माझ्या हनुवटीकडे बघितलं. ती कशी फुटली ते त्याला माहीत होतं.

"गाडी माझी. मी सोबत येनार."

"माझ्याशिवाय गाडीत कुनी बसायचं नाय," मामा म्हणाला. "कायदा. तूच शिकवलास."

म्हणून माझा दुसरा शिकाऊ परवाना सुरू झाला तो असा: पुढे जीप, तिच्या पुढच्या-मागच्या टोकाला तांबडं एल, मागची पाटी टाळक्यांनी वाकलेली, आणि मागून टांग्यातनं जीपचा मालक, स्वतःच्या गाडीच्या धुळीत खोकत, ओरडत, की पाटी वाकडी हाये. तळ्यापाशी आम्ही वळायचो, तोही वळायचा. मावशी टोपल्या घेऊन वेशीत उभी राहायची आणि आम्ही जवळ आलो की तोंड फिरवायची. तिच्याएवढी शिक्षा कोर्टानं मला दिली नव्हती.

आणि मामा शेजारी. रोज निघण्यापूर्वी तो जाळ्याचा जाड दोर घ्यायचा, स्वतःच्या कमरेला वेढा घालायचा आणि पुढच्या बैठकीला गाठ मारायचा. पाय मागे जातात, म्हणायचा, मला विचारत नायत. डोक्यावर पंचा नसायचा. उजवा हात मांडीवर, डावा हात फळीखाली, ब्रेकवर, आगाशीच्या तळ्यापासून घरापर्यंत. ठाण्याला परीक्षेच्या दिवशी तपासणारा साहेब शेजारी बसायला आला तेव्हा मामाला उतरायला सांगितलं, आणि गाठ सुटेना. मामाच्याच हातची गाठ. साहेबानं शेवटी चाकू मागवला.